गाळ्यातला आवाज, तीन मापांत

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

काल रात्री बहिणीच्या मुलाचा व्हॉइस नोट आला. चार मिनिटं बारा सेकंदांचा. तो माणकोलीच्या बाजूला एका गोदामात पाळीवर काम करतो, टाइप करायला त्याला कधी वेळ नसतो. काल त्याची सुट्टी होती आणि कामतघरच्या त्यांच्या गाळ्यातले बारा माग भंगारात गेले. दिवाळीच्या सुट्टीसाठी बंद केलेले माग पुन्हा लागलेच नव्हते. भिवंडीत हे नवं नाही, पण दुसऱ्याच्या गाळ्याचं ऐकणं वेगळं आणि घरातलं वेगळं. नोटसोबत त्याने फोटो पाठवले होते आणि शेवटी म्हणाला होता, 'मावशी, मला फोटोखाली टाकायला तीन लिहून दे ना. एक एकदम छोटं, एक मधलं, एक मोठं. मग मी बघतो.'

आज दुपारी आधी सगळं एकदा नुसतं ऐकलं, हातात पेन न घेता. मग हेडफोन लावून वाक्यावाक्याला थांबवत जसंच्या तसं उतरवून काढलं. व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज दीडपट, दुप्पट वेगाने ऐकता येतो, सावकाश ऐकायची सोय नाही. म्हणून थांबवत जाण्याला पर्याय नाही. उतरवताना 'म्हणजे', 'ना', 'काय बोलू' हेही लिहायचं, आणि तो थांबला की तेही. बोलणारा कुठे अडला हे कागदावर दिसलं नाही तर पुढचं सगळं काम अंदाजाने होतं. मधला एक तुकडा असा:

'मला ना खूप विचित्र वाटतंय. म्हणजे दुःख नाही... दुःख आहे पण... एक युग संपलं टाइप. लहानपणी मला तो आवाज नको व्हायचा, अभ्यास व्हायचा नाही. आणि आत्ता... (बराच वेळ गप्प) ...आत्ता मी इथे उभा राहून तुझ्याशी बोलतोय ना, तर हळू बोलतोय. कळतंय का? पहिल्यांदा इथे हळू बोलतोय मी. पप्पा तर घरी पण ओरडूनच बोलतात. सगळेच मागवाले. पप्पा आलेच नाहीत, चहावाल्याकडे उभे होते. मी फोन केला, म्हटलं गाडी गेली, तर ओरडून म्हणतात, झाडून घे. (हसतो.)'

यानंतर तो काकांवर घसरला, उसनवारीवर गेला, भंगारवाल्याने काय भाव दिला तेही बोलला. ते सगळं उतरवलं आणि त्याच्याभोवती चौकट आखली. ते त्याने मला सांगितलंय, लोकांना नाही. मनातलं भडाभडा बोलताना माणूस ही सीमा पाळत नाही, लिहिणाऱ्याला ती आखावी लागते.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज उतरवलेल्या कागदावर पेन्सिल चालवली. खुणा दोनच. जे डोळ्याला दिसतं किंवा कानाला ऐकू येतं त्याखाली रेघ, आणि भावनेचं नुसतं नाव असेल तिथे फुली. 'विचित्र वाटतंय'वर फुली, 'दुःख'वर फुली, 'एक युग संपलं'वर ठळक फुली. ते वाक्य बंद पडलेल्या थिएटरच्या फोटोखाली चालेल, इराण्याच्या हॉटेलाखाली चालेल, निवृत्त होणाऱ्या मास्तरांच्या फोटोखालीही चालेल. जे वाक्य दुसऱ्याच्या फोटोखाली बसतं ते या गाळ्याचं नाही, ही परीक्षा मी नेहमी लावते आणि बहुतेक गोड वाक्यं तिथेच गळतात.

रेघा मिळाल्या त्या अशा: हळू बोलणं, ओरडून बोलणं, चहावाल्याकडे उभे असलेले वडील, 'झाडून घे'. पुढच्या मिनिटात आणखी दोन होत्या. लाइट गेली, माग एकदम थांबले, की लहानपणी त्याला रात्री जाग यायची. आणि फरशीत उरलेली बोल्टची भोकं, प्रत्येक मागाच्या जागी, मधे तेलाचा काळा डाग. हे फोटोतही आहे. कांडीवाल्या बाई, सुपारी कातरणारा जॉबर, आजोबांनी जुने माग कसे घेतले, हेही होतं. त्यातलं आजोबांचं तेवढं ठेवलं.

त्या लांब गप्प बसण्याच्या आधी तो पाठ केल्यासारखं बोलतो. नंतर जे आलं ते त्याला स्वतःलाही तेव्हाच सुचलेलं होतं. आवाज खाली उतरतो, वाक्यं आखूड होतात. व्हॉइस नोटमध्ये असं वळण बहुतेकदा असतं आणि शब्दांपेक्षा श्वासावरून ते आधी कळतं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

मोठं लिहून ते कापत कापत छोटं करायचं, असं बरेच जण करतात. त्यात छोट्याला मोठ्याचा सारांश होऊन बसावं लागतं आणि सारांशात भावना राहत नाही. मी छोट्यापासून सुरू केलं, आणि तिन्हींना वेगवेगळं काहीतरी दिलं.

छोटं:

या गाळ्यात आज पहिल्यांदा हळू बोललो.

बस. यात 'रिकामा' नाही, 'माग' नाही, कारण ते फोटोत आहेत. 'शांतता ऐकू आली' असंही मनात आलं होतं. दिसायला छान, पण ते त्याचं नव्हे. 'पहिल्यांदा इथे हळू बोलतोय मी' हे त्याने म्हटलं होतं, ते फक्त सरळ करून घेतलं.

मधलं लिहिताना इन्स्टाग्रामचं एक गणित डोक्यात ठेवावं लागतं. मजकुराला २२०० चिन्हांची मुभा आहे, पण फीडमध्ये सुरुवातीची साधारण १२५ दिसतात, बाकीचं दाबल्यावर उघडतं. आणि आपल्या लिपीत काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याची खूण, प्रत्येक वेगळं चिन्ह म्हणून मोजलं जातं. 'पप्पा' हे बोलायला दोन अक्षरं, मोजायला पाच. त्यामुळे मराठीत ती दिसणारी जागा वीस-बावीस शब्दांतच संपते. पहिला मसुदा असा होता:

पप्पा घरीही ओरडूनच बोलतात. सगळेच मागवाले तसे बोलतात. बारा माग चालू असले की शेजारच्याला हाक मारावी लागते. आज गाळा रिकामा झाला. मी फोन करून म्हटलं, गाडी गेली. ते तसेच ओरडून म्हणाले, 'झाडून घे.'

मोजलं तर 'झाला'नंतरच्या पूर्णविरामावर बरोबर १२५ भरतात. फोनच्या रुंदीनुसार हे मागेपुढे होतं, म्हणजे कुणाच्या फोनवर 'आज गाळा' एवढ्यावरच तुटेल. गाळा रिकामा झाला हे दिसलंच पाहिजे आणि फोनवरचं बोलणं उघडल्यावरच कळलं पाहिजे. नोटमध्ये पुन्हा पाहिलं तर तो नुसतं 'सगळेच मागवाले' म्हणून थांबला होता. तसंच केलं: 'पप्पा घरीही ओरडूनच बोलतात. सगळेच मागवाले. बारा माग चालू असले की...' अकरा चिन्हं वाचली, ११४ वर 'झाला' आला, आणि वाक्य त्याच्या तोंडचं झालं.

मोठ्यात काळाचा क्रम लागतो. बोलताना तो आज, लहानपण, पुन्हा आज असा उड्या मारत होता. ऐकताना ते चालतं, वाचताना माणूस हरवतो.

आमच्या गाळ्यात बारा माग होते. आजोबांनी जुने घेतले, पप्पांनी चालवले. दहावीला असताना मी त्या आवाजाचा रागराग करायचो. धडे, पाढे, काही डोक्यात राहायचं नाही. पण रात्री लाइट जायची, माग एकदम थांबायचे आणि मला जाग यायची.
दिवाळीनंतर ते सुरू झाले नाहीत. आज दोन टेम्पोंत भरून किलोच्या भावाने गेले. फरशीत बोल्टची भोकं राहिली आहेत आणि मधे तेलाचे काळे डाग. पप्पा आले नाहीत, कोपऱ्यावर चहावाल्याकडे उभे होते. मी फोन करून म्हटलं, गाडी गेली. ते म्हणाले, 'झाडून घे.'
झाडून घेतलं. सुताचं तूस अजून निघतंय.

हळू बोलण्याचं वाक्य यात मुद्दाम घेतलं नाही. घालून पाहिलं होतं, 'झाडून घे'च्या आधी. दोन्ही एकमेकांची जागा खातात, वाचणारा पहिल्यावरच थांबतो आणि वडिलांचं बोलणं वाहून जातं. शेवटचं तुसाचं वाक्य नोटमध्ये अगदी सुरुवातीला होतं, त्याला आलेल्या खोकल्यानंतर.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

रात्री पाळी सुटल्यावर त्याला फोनवर तिन्ही वाचून दाखवली. लिहून पाठवली असती तर अंगठा दाखवून मोकळा झाला असता. वाचताना कान त्याच्याकडे ठेवला. छोट्याला काही बोलला नाही. मधल्याला हसला, नोटमध्ये हसला होता त्याच जागी. म्हणजे ते नीट उतरलंय. मोठ्यात मात्र लगेच अडला. 'मावशी, दहावीला कोण पाढे म्हणतं? आणि रागराग करायचो असं मी कधी बोलतो?' मग काय बोलशील, विचारलं. 'डोकं उठायचं माझं.' ते घेतलं, 'धडे, पाढे'ही गेलं: 'दहावीला असताना त्या आवाजाने माझं डोकं उठायचं.' माझ्या वाक्यापेक्षा हे आखूडही आहे आणि खरंही.

मी एकच अट घातली. वडिलांचं बोलणं अवतरणात आहे, तर टाकण्याआधी त्यांना दाखव.

रविवार, १६ नोव्हेंबर

सकाळी बहिणीकडे गेले होते. भाऊजींना लेकाने वाचून दाखवलं, अर्थात मोठ्याने. ओरडून बोलतात म्हटल्याचं त्यांना काही वाटलं नाही. टेम्पोचंही काही बोलले नाहीत. पण शेवटाला आल्यावर म्हणाले, 'नुसतं झाडून घे नाही म्हणालो मी. झाडून घे आणि मेन बंद कर, म्हणालो.' लेकाने नोट पुन्हा लावून पाहिली. त्यात त्याने अर्धंच सांगितलं होतं.

मोठ्यात आम्ही ते लगेच बसवलं: 'ते म्हणाले, झाडून घे आणि मेन बंद कर.' रोज रात्रपाळीनंतर जे सांगायचे तेच त्यांनी त्या दिवशीही सांगितलं, हे त्यामुळे आलं. आणि वर रात्री लाइट जायची त्या वाक्यालाही ते जाऊन भिडलं. शेवटच्या ओळीलाही थोडं हलवलं: 'मेन बंद केलं. सुताचं तूस अजून निघतंय.' मधल्यात मात्र 'झाडून घे' एवढंच ठेवलं. तिथे सगळा भर ओरडण्यावर आहे, आणि दोन कामं सांगितली की ओरडणं मागे पडतं. भाऊजींना विचारलं, चालेल का. म्हणाले, म्हणालो तर होतोच की.

दुपारी त्याने छोटं स्टेटसला लावलं, फरशीच्या फोटोवर. मधलं इन्स्टाग्रामला गेलं. मोठं त्याने अजून कुठेच टाकलेलं नाही. आधी गावाकडच्या आत्याला पाठवतो म्हणाला, तिने त्या गाळ्यात कांड्या भरल्या आहेत.