पॅसेंजर आले की पॅसेंजर आली?

करमाळा तालुक्यातील जेऊर हे गाव पुणे-सोलापूर लोहमार्गावर वसलेले आहे. करमाळ्याच्या माणसास आगगाडी गाठावयाची तर बहुधा येथेच यावे लागते. त्यामुळे आमच्या लहानशा स्टेशनावर इंग्रजी नामांची वर्दळ माणसांइतकीच असते. “पॅसेंजर उतरले आणि पॅसेंजर निघाली,” असे कोणी सहज बोलून जातो, आणि ऐकणाऱ्यास क्षणभरही घोटाळा होत नाही. पहिले पॅसेंजर म्हणजे उतारू, म्हणून ते उतरले. दुसरी पॅसेंजर म्हणजे गाडी, म्हणून ती निघाली. इंग्रजीत या शब्दास लिंगच नाही. ते आपण दिले, आणि देताना मनात जो मराठी शब्द उभा होता त्याचेच दिले.

एक्सप्रेस, लोकल, बस, मोटार या साऱ्या स्त्रीलिंगी झाल्या त्या ‘गाडी’च्या पुण्याईने. बँक स्त्रीलिंगी झाली ती ‘पेढी’मुळे असावी. जेथे अर्थ साहाय्य करीत नाही तेथे शब्दाचा शेवट करतो. ट्रॉली, डायरी, फॅक्टरी ईकारान्त, म्हणून स्त्रीलिंगी. सोडा, कॅमेरा आकारान्त, म्हणून पुल्लिंगी. परंतु स्टेशन, तिकीट, इंजिन यांस नपुंसकलिंग का आणि सिग्नल, फोन यांस पुल्लिंग का, याचे समाधानकारक कारण मला कोठे आढळले नाही. ते रूढीने ठरले, एवढेच म्हणावे.

हा विचार करण्याची पाळी आमच्या सूनबाईंमुळे आली. पुतण्याची ही पत्नी हिंदी मुलखातली. मराठी ती उत्साहाने बोलू लागली. पण “स्टेशन आला”, “बँक उघडला”, “पोलीस आली” ही तिची वाक्ये ऐकून शेजारणी हसू लागल्या, आणि महिन्याभरात तिने चारचौघींत मराठी बोलणेच सोडले. मला त्या हसण्याचा राग आला, कारण तिची तिन्ही वाक्ये नियमाला धरूनच होती. नियम तेवढा हिंदीचा होता. हिंदीत नपुंसकलिंग नाही, तेव्हा स्टेशन तेथे पुल्लिंगी; बँकही पुल्लिंगी; आणि पोलीस हा शब्द तेथे साऱ्या दलास उद्देशून स्त्रीलिंगी. आपण पोलीस म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे शिपाई असतो, दल नसते.

“काका, मग ओळखायचे कसे?” तिने विचारले. मी तिला सांगितले की शब्दाआधी ‘दोन’ लावून पाहा. दोन तिकिटे, म्हणजे एकार आला, नपुंसकलिंग. दोन बँका, दोन फायली, म्हणजे आकार किंवा ईकार आला, स्त्रीलिंग. दोन सिग्नल, काहीच बदलले नाही, पुल्लिंग. ही कसोटी व्यंजनान्त शब्दांपुरतीच, आणि तेथेही एक अडचण आहे. ‘बसेस’सारखे अनेकवचन इंग्रजीतून आयते आले की लिंग झाकले जाते. तेथे विशेषण पाहावे. ‘लाल बस’ काही सांगत नाही, कारण ‘लाल’ कधी बदलत नाही. ‘मोठी बस’ मात्र सारे सांगते.

हिंदी माणसास एक गोष्ट आयतीच ठाऊक असते, ती अशी की भूतकाळात क्रियापद कर्त्याकडे न पाहता कर्माकडे पाहते. मी पुरुष असो वा ती स्त्री असो, तिकीट काढले, बॅग उचलली, फोन केला. बोलणाराचे लिंग येथे गौण. परक्या शब्दाचे लिंग वाक्यावर सत्ता चालविते.

छापील मराठीने मात्र तिची थोडी फसवणूक केली. पूर्वी ‘स्टेशन आलें’ यात अनुस्वार असे आणि ‘पोलीस आले’ यात नसे. 1962 च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, आणि दोन्ही वाक्यांत एकच ‘आले’ उरले. तोंडी भाषेत भेद अजून शाबूत आहे, स्टेशन आलं पण पोलीस आले. म्हणून तिला मी वर्तमानपत्रापेक्षा फलाटावर कान देण्यास सांगितले. (फलाट हाही प्लॅटफॉर्मच, पण त्याने वेष इतका बदलला आहे की त्यास कोणी परका म्हणत नाही.)

आता ती पुन्हा बोलते. परवा म्हणाली, “पोस्ट उघडले होते, पण मी पोस्ट टाकली ती मोबाईलवर.” कार्यालय नपुंसकलिंगी आणि लिहिलेला मजकूर स्त्रीलिंगी, हा भेद तिने आपणहून साधला होता. मग तिने विचारले, ई-मेल आला की आली? शेजारच्या दोन मुलांनी एकाच वेळी दोन उत्तरे दिली आणि तेथेच त्यांचे भांडण जुंपले. शेजारीणबाईंनाही निवाडा करता येईना.