तुमच्या घरी येताना

माझा विवाह वैशाखात झाला. यजमान विधुर असून त्यांना अकरा वर्षांची कन्या व सहा वर्षांचा पुत्र आहे. मुलांच्या स्वागताचे चार शब्द लिहून द्यावेत, असे सासूबाईंनी सुचविले. लिहावयास बसले तेव्हा जाणवले, की घर त्यांचे आहे. परकी येत आहे ती मी. ती चिठ्ठी अशी :

बाळांनो,

रविवारी मी तुमच्या घरी येईन. उंबरठ्यावरचे माप तांदळांनी कोणी भरावे, असा प्रश्न निघाला आहे. ते तुम्ही दोघांनी भरावे, अशी माझी इच्छा आहे.

मला काय म्हणावे, हे तुम्हीच ठरवा. मंडळी ‘नवी आई आली’ असे म्हणतील; त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण ‘आई’ हा शब्द ज्यांचा आहे त्यांचाच राहील. मावशी म्हणा, काकू म्हणा, काही दिवस काहीच म्हणू नका. दिवाणखान्यातील आईंची तसबीर जिथे आहे तिथेच राहील. शाळेच्या अर्जात आईच्या नावाच्या रकान्यात त्यांचेच नाव लिहायचे.

ताई, गेली दोन वर्षे तू धाकट्याचा डबा भरतेस, गृहपाठ पाहतेस, असे ऐकले. ते काम मी येताच काढून घेणार नाही. तुला नकोसे होईल त्या दिवशी मला सांग. आणि छोट्या, रात्री आईची आठवण आली तर माझ्यासमोर रडण्यास हरकत नाही. मला वाईट वाटणार नाही.

चिठ्ठी इथे संपते. ताईविषयीच्या ओळी मी सर्वांत अधिक वेळा खोडून लिहिल्या. आई गेल्यावर थोरली मुलगी घरातील मोठी होते. नवी बाई आली, की सगळे म्हणतात, ‘सुटली बिचारी!’ तिला मात्र आपले स्थान गेले असे वाटते. अशी मुलगी भांडत नाही. ती अतिशय आज्ञाधारक होते, विचारल्यावाचून पाणीही घेत नाही. पाहुण्यांना ते कौतुकाचे वाटते. मला ती धोक्याची खूण वाटते.

माझ्या वकील भावाने एक गोष्ट सांगितली. आम्हा जैनांनाही लागू असलेल्या १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून जी ‘आई’ सांगितली आहे, तीत सावत्र आई येत नाही. मुलांच्या आजीला हे ऐकून वाईट वाटले. मला तसे वाटले नाही. माझे नाते कागदाच्या आधी घरात ठरावयाचे आहे.

माप दोघांनी भरले. धाकट्याने इतके शिगोशीग भरले, की पाय लागण्यापूर्वीच तांदूळ सांडू लागले. ताईने चिठ्ठी घडी करून दप्तरात ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली व म्हणाली, “त्याला चटणी तिखट चालत नाही. दाणे मी कुटते, तुम्ही पोळ्या करा.”