आईच्या गोळ्या जयपूरला, घंटी पुण्यात

आई जयपूरला एकटी राहते आणि मी पुण्यात. वडिलांची नोकरी तिथं होती, घर तिथं झालं, तिची माणसं तिथं आहेत. "पुण्यात येऊन मी कोणाशी बोलू?" हा तिचा प्रश्न आहे आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तिचं वय ७४. दिवसाला चार प्रकारच्या गोळ्या. म्हणून दीड वर्षापूर्वी तिच्या फोनवर आम्ही औषधांची आठवण करून देणारं एक अ‍ॅप घातलं. ठरलेल्या वेळी तिच्या फोनवर घंटी वाजते. गोळी घेतल्यावर तिनं हिरवं बटण दाबायचं. बटण दाबलं गेलं नाही, तर काही वेळानं माझ्या फोनवर निरोप येतो.

असं अ‍ॅप घेणारा प्रत्येक जण हा निरोप "आईनं गोळी घेतली नाही" असाच वाचतो. खरं तर तो तसं सांगतच नाही. त्याचा अर्थ एवढाच, की बटण दाबलं गेलेलं नाही. या दोन गोष्टींमधलं अंतर फार महत्त्वाचं आहे. कसं, ते आमच्या घरच्या उदाहरणावरून सांगते.

आईच्या चार गोळ्या अशा: सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी थायरॉक्सिन, नाश्त्याबरोबर मधुमेहाची ग्लिमेपिराइड, रात्री जेवणानंतर रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन, आणि दुपारी कॅल्शियम. कॅल्शियम मुद्दाम दुपारी ठेवलंय, कारण ते थायरॉक्सिन अंगी लागू देत नाही. दोन्हींमध्ये निदान चार तासांचं अंतर लागतं. सुरुवातीला आम्ही चारही गोळ्यांचे निरोप माझ्याकडे येतील असं लावलं होतं. मग आईच्या डॉक्टरांना विचारलं, "यातली कोणती चुकली तर मी धावपळ करायची?"

त्यांनी समजावलं ते असं. थायरॉक्सिन शरीरात बरेच दिवस टिकतं. एका दिवशीची गोळी राहिली, तर त्या दिवशी काही बिघडत नाही. अ‍ॅम्लोडिपिनचा असरही दिवसभरापेक्षा जास्त राहतो, त्यामुळे दोन-तीन तासांचा उशीर चालतो. कॅल्शियमचं तर सोडाच. जपायचं ते ग्लिमेपिराइडला. ती साखर खाली आणते. ती घेतली आणि खाल्लं नाही, किंवा चुकून दोनदा घेतली, तर साखर फार उतरते. घाम येतो, हात थरथरतात, बोलणं असंबद्ध होतं, माणूस कोसळू शकतो. एकट्या राहणाऱ्या माणसाला हे झालं तर बघायला कोणी नसतं. म्हणजे ही गोळी राहून गेली तर साखर थोडी चढेल, पण दोनदा गेली तर काही तासांत प्रसंग ओढवू शकतो.

तेव्हापासून माझ्याकडे एकाच गोळीचा निरोप येतो. बाकी तीन घंट्या फक्त आईच्या फोनवर वाजतात. दिवसाला चार निरोप येत राहिले असते, तर महिन्याभरात मी ते न वाचताच बाजूला सारायला लागले असते.

दोनदा गोळी जाण्याची भीती नवी नाही. मेडिसेफ नावाचं या प्रकारातलं एक जुनं, जगभर वापरलं जाणारं अ‍ॅप २०१२ च्या सुमारास निघालं, तेच अशा घटनेतून. इस्राएलमधल्या ओम्री आणि रोटेम शोर या भावांच्या मधुमेही वडिलांनी आपण इन्सुलिन घेतलंय हे विसरून पुन्हा घेतलं होतं. या अ‍ॅपमध्ये घरच्या एका माणसाला सूचना जाण्याची सोय आहे आणि त्या माणसाला 'मेडफ्रेंड' म्हणतात. इथं विसरलं गेलं होतं ते औषध नव्हे, तर औषध घेतल्याचं.

आता असं समजा, की बुधवारी सकाळी पावणेनऊला निरोप आला. ग्लिमेपिराइडचं बटण दाबलेलं नाही. मी फोन करते आणि विचारते, "आई, गोळी घेतलीस का?" ती म्हणते, "घेतली असेल गं... थांब, घेऊनच टाकते." तिनं आधी गोळी घेऊन फक्त बटण दाबायचं राहिलं असेल, तर मी केलेल्या फोनमुळेच दुसरी गोळी तिच्या पोटात जाईल. म्हणून "घेतलीस का?" हा प्रश्न आम्ही बंद केला. त्याच्या जागी मी विचारते, "आई, डबीत बुधवारचा सकाळचा खण बघ. रिकामा आहे का?"

ही डबी म्हणजे औषधांच्या दुकानात मिळणारी आठवड्याची प्लास्टिकची डबी. सात वार आणि प्रत्येक वाराचे चार खण, असे अठ्ठावीस. रविवारी दुपारी आई ती भरते. मी व्हिडिओ कॉलवर असते. ती एकेक पट्टी कॅमेऱ्यासमोर धरते, मी नाव वाचते. जेनेरिक औषधं घेतल्यामुळे कधी कधी पट्टीचा रंग आणि कंपनी बदलते. म्हणून अ‍ॅपमध्ये आम्ही ब्रँडचं नाव न घालता तिचेच शब्द घातले आहेत: "नाश्त्याची छोटी गोळी". खाली औषधाचं मूळ नाव आणि मात्रा.

खण रिकामा असेल तर गोळी गेली आहे. आता फक्त बटण दाबायचं आणि नाश्ता झालाय ना ते विचारायचं. खण भरलेला असेल आणि नाश्ता अजून व्हायचा असेल, तर नाश्त्याबरोबर घ्यायची. नाश्ता होऊन बराच वेळ गेला असेल, तर आजची सोडायची आणि उद्या नेहमीसारखी एकच घ्यायची. हा नियम आईच्या डॉक्टरांनी तिच्यासाठी सांगितलेला आहे. प्रत्येकाचा वेगळा असू शकतो. तुमच्या घरातल्या औषधांसाठी तो आधीच विचारून, कागदावर लिहून फ्रिजला लावून ठेवा. निरोप आल्यावर डॉक्टर शोधत बसायला वेळ नसतो.

हे झालं निरोप आला तर. निरोप आलाच नाही, तर? तेव्हा आपण धरून चालतो की सगळं ठीक आहे. पण घंटी आणि निरोप यांचे रस्ते वेगळे आहेत. घंटी आईच्या फोनमध्येच वाजते, तिला इंटरनेट लागत नाही. निरोपाला मात्र आईच्या फोनपासून कंपनीच्या सर्व्हरपर्यंत आणि तिथून माझ्या फोनपर्यंत असा प्रवास करावा लागतो. मध्ये कुठंही नेट नसेल तर तो अडकतो.

जयपूरमध्ये हे फक्त कल्पनेतलं नाही. राजस्थानात मोठ्या भरतीपरीक्षांच्या दिवशी पेपरफुटी टाळायला मोबाइल इंटरनेट बंद ठेवल्याची उदाहरणं आहेत. सप्टेंबर २०२१ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेच्या दिवशी अनेक जिल्ह्यांत तसं झालं. जून २०२२ च्या अखेरीस उदयपूरच्या हत्येनंतर तर राज्यभर मोबाइल इंटरनेट थांबवलं गेलं. अशा दिवशी आई गोळी घेते, बटण दाबते, पण मला काही कळत नाही.

मग माझ्या फोनवर काय येतं? ते अ‍ॅपच्या रचनेवर अवलंबून असतं. काही अ‍ॅपमध्ये "बटण दाबलं नाही" हे सर्व्हर ठरवतो. त्याच्यापर्यंत हिरवी खूण पोचली नाही, की तो मला उगाचच सावध करतो. काहींमध्ये ते आईचा फोन ठरवतो आणि मग कळवतो. फोनला नेट नसेल, तर गोळी खरोखर राहिली तरी मला निरोप नाही. पहिल्या प्रकारात फुकटची धास्ती बसते, दुसऱ्यात खोटी शांतता मिळते. तुमचं अ‍ॅप कोणत्या प्रकारचं आहे ते घरीच कळू शकतं. आईवडिलांकडे जाल तेव्हा त्यांचा फोन विमान मोडवर टाका, एका साध्या गोळीची वेळ होऊ द्या, बटण दाबू नका आणि तुमच्या फोनवर काय येतं ते बघा. मग दुसऱ्या दिवशी बटण दाबा आणि पुन्हा बघा. आमचं अ‍ॅप दुसऱ्या प्रकारचं निघालं. म्हणून आईच्या घरी आता तारेचं ब्रॉडबँड घेतलंय, कारण मोबाइल डेटा बंद असतानाही ते सहसा चालू राहतं. शिवाय रोज सकाळी साडेनऊला ती मला साधा फोन करते. फोन आला नाही तर मी करते, निरोप आलेला असो वा नसो.

आणखी एक तपासणी फोनची. अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी अ‍ॅप झोपवून टाकतो. मग घंटी उशिरा वाजते किंवा वाजतच नाही. सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या बॅटरीखाली Unrestricted निवडा, Alarms & reminders ची परवानगी चालू आहे का बघा, आणि न वापरलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या आपोआप काढून घेणारं बटण या अ‍ॅपसाठी बंद करा. फोनचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की हे सगळं पुन्हा एकदा पाहायचं.

काही दिवस मात्र कोणत्याच सेटिंगमध्ये बसत नाहीत. संक्रांतीला जयपूर गच्चीवर असतं. पतंग, भोंगे, तिळाचे लाडू, आणि फोन खाली स्वयंपाकघरात. त्या दिवशी निरोप येणार हे मला आधीच माहीत असतं. त्याहून अवघड दिवस संकष्टीचा. चंद्रोदयापर्यंत उपास, आणि अ‍ॅप मात्र सकाळी इमानाने घंटी वाजवतं: नाश्त्याची छोटी गोळी. नाश्ता नाही म्हटल्यावर ही गोळी घेणं धोक्याचं. आईशी आणि डॉक्टरांशी बोलून ठरलं, की संकष्टीला सकाळी दूध, फळ आणि राजगिरा खायचा आणि त्या दिवशी गोळीचं काय करायचं ते डॉक्टर सांगतील तसं. पुढच्या सहा महिन्यांच्या संकष्टींच्या तारखा बघून मी त्या दिवसांची घंटी वेगळी लावली. देवाला चालेल का, असं तिनं एकदा विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "चक्कर येऊन पडलेली त्याला तरी कुठं आवडेल?"

आई फोन उचलत नाही तेव्हा शेवटचा उपाय शेजारच्या भाभींचा. त्यांच्याकडे घराची एक किल्ली आहे. त्यांना मी एकच काम सांगून ठेवलंय: आई गोंधळलेली किंवा घामाघूम दिसली आणि शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजायची आणि मग मला फोन. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता आधी १०८ ला फोन. हे कागदावर हिंदीत लिहून त्यांच्याही फ्रिजला लावलंय.

आईची एक अट होती. माझ्या फोनवर तिची फक्त एकच गोळी दिसेल; बाकीचं तिचं ती बघेल. "तू माझी मुलगी आहेस, परिचारिका नाहीस," असं ती म्हणाली. दीड वर्षात ती अट आम्ही दोघींनी पाळली आहे.