बिल आलं त्या दिवशीच

लेखा विभागातल्या सर्वांना,

खरेदीचं प्रत्येक बिल ज्या दिवशी आपल्या हातात येतं त्याच दिवशी टॅलीत चढलं पाहिजे, असा नियम या महिन्यापासून आपण करतो आहोत. नियमाचं कारण माहीत नसेल तर तो चार दिवस पाळला जातो आणि पाचव्या दिवशी मोडतो, म्हणून कारण सविस्तर लिहितो. विक्रीच्या बिलांबद्दल फार बोलायला नको. ती तयार झाल्याशिवाय गाडी गेटबाहेर पडतच नाही. उशीर होतो तो खरेदीच्या बिलांना, कारण माल आत आलेला असतो, काम सुरू झालेलं असतं आणि कागद ट्रेमध्ये पडून राहिल्याने त्या दिवशी कुणाचंच अडत नाही.

कोल्हापूरच्या एखाद्या फाउंड्रीतून आपल्याकडे कास्टिंग येतात, तेच उदाहरण घेऊ. समजा, बिल ४०० नगांचं आहे, नग पाच किलोचा, म्हणजे २,००० किलो. दर किलोला ११० रुपये धरला तर माल २,२०,००० रुपयांचा, त्यावर १८ टक्के जीएसटी ३९,६०० रुपये, एकूण २,५९,६०० रुपये. प्रत्यक्षात नग उतरले ३८८. बारा नग कमी, म्हणजे साठ किलो, म्हणजे करासह ७,७८८ रुपये. बिल त्याच दिवशी चढवायला घेतलं तर पीओ, काट्याची पावती, स्टोअरचा जीआरएन आणि बिल हे चारही कागद शेजारी येतात आणि फरक लगेच दिसतो. कास्टिंग अजून उतरवल्या जागेवरच असतात, ज्याने मोजले त्याला आठवत असतं, ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन लागतो. फाउंड्रीचा माणूसही वाद घालत नाही. त्याला आपल्या डिस्पॅच रजिस्टरमध्ये चूक सापडते आणि तो क्रेडिट नोट काढतो.

हेच बिल तीन आठवड्यांनी चढवायला घ्या. तोवर कास्टिंग मशिनवर गेलेले असतात. काहींत ब्लोहोल निघतात, ते रिजेक्शनमध्ये पडतात. काही सेटिंगमध्ये खराब होतात. आता ३८८ च आले होते हे सांगायला जीआरएनवरचा एक आकडा तेवढा उरतो, आणि फाउंड्री सरळ म्हणू शकते की बारा नग तुमच्याच शॉपमध्ये गेले. आपल्याला ते खोडता येत नाही. बहुतेक वेळा आपणही तसंच समजतो आणि मालाची तूट उत्पादन विभागाच्या माथी रिजेक्शन म्हणून बसते. मला पैशांपेक्षा हे जास्त खुपतं. चूक एकाची, बोल दुसऱ्याला, आणि खरं कारण कायमचं पुसलं जातं. कायदाही इथे घड्याळ लावूनच बसला आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला आणि १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर तो माल आपण स्वीकारला असंच धरलं जातं.

त्याच घड्याळाचा दुसरा काटा पैसे देण्याचा. अशा उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत चुकली तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. शिवाय मुदतीत न दिलेली रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी खर्च म्हणून धरता येते. ही मुदत माल आल्यापासून धावते. आपण एन्ट्री कधी केली याच्याशी तिचा संबंध नाही. विसाव्या दिवशी चढवलेलं बिल देण्यांच्या यादीत नवं दिसतं, पण त्याचे वीस दिवस संपलेले असतात.

यावर तुमच्यातले काही जण म्हणतील की शनिवारी एकत्र बसून चाळीस बिलं एका दमात होतात, रोज तुकड्या-तुकड्याने करण्यात वेळ जातो. टाइप करण्यापुरतं हे खरं आहे. पण बिलात खरा वेळ टायपिंगला जात नाही. पीओत एक दर, बिलात दुसरा. कच्च्या मालाचा भाव बदलला म्हणून फोनवर नवा दर ठरला होता का, हे खरेदीवाल्याला विचारायचं असतं. त्याच दिवशी तो एका वाक्यात सांगतो. आठवड्याने तो आधी आठवतो, मग मेल शोधतो, मग ‘सोमवारी बघू’ म्हणतो. शनिवारच्या चाळिसांतली सहा-सात बिलं अशी अडकतात आणि पुढच्या शनिवारच्या गठ्ठ्यात जाऊन बसतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पुरवठादारांची विवरणं भरली की १४ तारखेला जीएसटीआर-२बी आपोआप तयार मिळतो, ३बी भरायचा २० तारखेला. मग मधल्या दिवसांत सगळी बिलं जुळवून घेतली तर काय बिघडलं? बिघडतं ते असं की, २बीमध्ये पुरवठादाराने काय सांगितलं तेवढंच असतं. आपल्या गेटवर काय आलं, हे तिथे कुठेच नसतं. आपली नोंद आधी स्वतंत्रपणे झालेली असेल तरच दोन याद्यांची तुलना होते. ती नसेल तर आपण समोरच्याची यादी उतरवून घेतो आणि तिलाच जुळवणी म्हणतो. एखाद्याने आपलं बिल विवरणात दाखवलंच नाही, तर ते त्या यादीत सापडणार कसं? ते फक्त आपल्याच पुस्तकात सापडू शकतं. आणि क्रेडिटसाठी माल हातात आलेला असणं ही अटही आहे, तिचं उत्तर पोर्टल देत नाही.

बिल वादात असेल किंवा मालाआधी आलं असेल तर काय करायचं, हा प्रश्न रास्त आहे. वादातलं बिल बाजूला ठेवायचं नाही. ते पूर्ण रकमेने चढवा, तुटीची डेबिट नोट त्याच दिवशी करा, आणि नॅरेशनमध्ये कारण लिहा. माल वाटेत असेल तर तो वाटेतला माल म्हणून वेगळ्या खात्यात दाखवा आणि क्रेडिट माल उतरेपर्यंत थांबवा. जीआरएनच झाला नसेल तर मात्र अंदाजाने नग भरू नका. अशा बिलाची इनवर्ड नंबरासह प्रलंबित यादी संध्याकाळी माझ्याकडे द्या. आणि एक गोष्ट कधीच करू नका: उशिरा केलेली एन्ट्री त्याच दिवशीची वाटावी म्हणून तारीख मागे नेणं. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहते, पण माझं कारण ते नाही. उशीर दिसला तर तो कुठे अडतो हे शोधता येतं. झाकला तर येत नाही.

नियम पाळला जातोय की नाही हे पाहायला मला मोठा अहवाल नको. इनवर्ड रजिस्टरचा शेवटचा नंबर आणि टॅलीतला शेवटचा नंबर यांत किती अंतर आहे ते पाहीन. दुसरं, पुरवठादारांच्या खात्यांत कुठे नावे बाकी दिसते का ते. अॅडव्हान्स दिलेला नसताना तशी बाकी दिसली, तर बिल चढायच्या आधी पैसे गेले किंवा एकाच बिलाचे दोनदा गेले असण्याची शक्यता मोठी. व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोवरून एकदा आणि मूळ प्रतीवरून पुन्हा, असं हे घडतं.

हे सगळं तुमच्या एकट्यांच्या हातात नाही, हेही मला कळतं. गेटवरून बिलं संध्याकाळी सहाला एकगठ्ठा पाठवली तर दोष तुमचा नाही. म्हणून गेट आणि स्टोअर दोघांनाही दुपारी चारपर्यंतचे कागद साडेचारला तुमच्याकडे पोहोचवायला सांगितलं आहे. त्यानंतर आलेलं बिल दुसऱ्या दिवशीच्या शिक्क्याने दुसऱ्या दिवसाचं धरायचं. दरातल्या फरकाला माझी सही लागते, ती मी कारखान्यातून निघण्याआधी देईन. बाहेरगावी असलो तर खरेदीप्रमुखांची सही चालेल. आज ट्रेमध्ये जी जुनी बिलं आहेत ती या नियमात ओढू नका. त्यांची यादी वेगळी करा, सगळ्यात जुनं बिल वर ठेवा, आणि ती संपवायला एक जास्तीचा माणूस लागणार असेल तर सोमवारी सांगा.