नारळ शेवटी बघायचा

फोटो बघून ठिकाण ओळखायचा नाद नव्याने लागलेला माणूस आधी झाडं बघतो. नारळ दिसला की कोकण म्हणून मोकळा! नारळ केरळात आहे, श्रीलंकेत आहे, फिलिपिन्समध्येही आहे. म्हणून नव्यांना मी सुरुवातीला निसर्गाकडे बघूच देत नाही. आधी माणसाने लिहिलेलं, रंगवलेलं, रोवलेलं.

सोमवारी फक्त लिपी, रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात. कन्नड आणि तेलुगूत गोंधळ होतो, तेव्हा अक्षराच्या डोक्याकडे बघावं. तेलुगूत बरोबरच्या खुणेसारखी तिरकी फटकार असते, कन्नडमध्ये उजवीकडे वळलेली आडवी रेघ. मंगळवारी गाड्या कुठल्या बाजूने जातात ते. आपण आणि थायलंड डावीकडून, पण मधला म्यानमार उजवीकडून. बुधवारी मैलाचे दगड. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचं डोकं पिवळं, राज्य महामार्गाचं हिरवं.

गुरुवार सावल्यांचा, आणि तो जरा फसवा आहे. भरदुपारी सावली उत्तरेकडे पडली तर उत्तर गोलार्ध, हा नियम कर्कवृत्ताच्या वर बिनधास्त चालतो. मुंबईत मात्र साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्यच उत्तरेला असतो. शिवाय फोटोत उत्तर कुठली हे ठाऊक हवं. आपल्याकडे गच्चीवरच्या डिशचं तोंड साधारण दक्षिणेला असतं, तिथून अंदाज बांधता येतो.

शनिवारी पाच फोटो. प्रत्येकाला त्याच क्रमाने प्रश्न: लिपी कोणती, गाड्या कुठून, दगड-खांब कसे, सावली कुठे, माती, छप्पर, झाडं शेवटी. उत्तर उघडण्याआधी वहीत जागा, कारणं आणि 'इतक्या किलोमीटरच्या आत' हा आकडा लिहायचा.

एक फोटो घ्या. तांबडी माती, नारळ, मंगलोरी कौलं. रत्नागिरी म्हणायचा मोह होतो. पण दुकानाच्या पाटीवर आडव्या रेघेची अक्षरं, म्हणजे कर्नाटक. दगडाचं डोकं पिवळं. कर्नाटकात ही माती आणि हा महामार्ग किनाऱ्यालगत एकत्र येतात तो ६६ क्रमांकाचा, पनवेल ते कन्याकुमारी. म्हणजे कारवार ते मंगळूरच्या पुढेपर्यंतची पट्टी उरली. पाटीच्या कोपऱ्यात दूरध्वनी क्रमांक, सुरुवात ०८३८२. हा कारवारचा कोड. ०८२४ असता तर मंगळूर. समोर उभ्या ट्रकवर केरळचा नंबर आहे, पण ट्रक कुठूनही येतो, त्याला मी सगळ्यात कमी गुण देतो.

रविवारी नवा फोटो नाही. वहीतल्या प्रत्येक कारणापुढे खरं की खोटं लिहायचं. जागा बरोबर आणि कारण चूक असेल, तर तो फोटो चुकलेल्यांत धरायचा. पुढच्या आठवड्यात जास्त वेळ द्यायचा तो सर्वांत जास्त वेळा खोटं ठरलेल्या खुणेला. बहुतेकांची ती सावलीच निघते.