आडव्या रेघा तीन



मागच्या महिन्यात माझ्या नातीचे तीन गुण माझ्यामुळे गेले. त्याबद्दल लिहायचं आहे, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणींना नातवंडांचे असे फोटो येत असतील.

नात पुण्याला, आठवीत. मी सांगलीला. गणित अडलं की ती फोटो काढून पाठवते आणि मी सोडवून देते. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं उलटली, पण समीकरण अजून हाताला आहे, याचा मला थोडा गर्वच होता म्हणा ना. त्या दिवशी संध्याकाळची जेवणं सूर्यास्ताआधी उरकली आणि मी ओटा पुसत होते, तेवढ्यात फोटो आला. सरावपत्रिका उद्या द्यायची होती. फोटो दिव्याखाली घाईत काढलेला, हललेला, आणि फक्त तेवढीच एक ओळ कापून पाठवलेली. मला दिसलं ते असं:

```
3 - (x-1)/2 - (x-4)/3 = 2
```

इथे मी तिरक्या रेघेने लिहिलंय. कागदावर अंश वर, छेद खाली आणि मध्ये आडवी रेघ, असं होतं. फोटोत तर पहिल्या अपूर्णांकाची रेघ, मधलं वजाचं चिन्ह आणि दुसऱ्या अपूर्णांकाची रेघ या तिन्ही मिळून एकच लांबलचक रेघ झाली होती. वर `x-1` आणि `x-4`, खाली `2` आणि `3`.

ही लांब रेघ मी बरोबर सोडवली. अपूर्णांकाच्या रेघेला वर अंश असतो आणि खाली छेद. वजाच्या चिन्हाच्या वर-खाली काहीच नसतं, कोरा कागद असतो. मी फोटो मोठा करून त्या रेघेवरून डावीकडून उजवीकडे बोट फिरवलं. आधी वर-खाली अक्षरं, मग थोडा भाग वर-खाली अगदी कोरा, मग पुन्हा अक्षरं. मधला कोरा भाग म्हणजे वजा. शिवाय अपूर्णांकाची रेघ आपल्या अंशाएवढी लांब असते, फार तर दोन्ही बाजूंना किंचित बाहेर. इथे ती `x-4` च्या डावीकडे बरीच बाहेर आली होती, म्हणजे तिथे दुसरं काहीतरी चिकटलेलं होतं. हा वजा दिसला नसता, तर दोन अपूर्णांकांचा गुणाकार समजून मी वर्गसमीकरणात शिरले असते, आणि धडा तर साध्या एकचल समीकरणांचा.

तर मी खुशीत गणित केलं. लसावि 6, सगळ्या पदांना 6 ने गुणलं:

```
18 - 3(x-1) - 2(x-4) = 12
29 - 5x = 12
x = 17/5
```

उत्तर अपूर्णांकात आलं म्हणून थोडी चुकचुकले. मग ताळा करून पाहिला. `17/5` घातलं, डावी बाजू बरोबर 2 आली. मग शंकाच नाही! पाठवून दिलं. नातीनं स्वच्छ अक्षरात उतरवलं आणि दुसऱ्या दिवशी बाईंनी त्यावर लाल फुली मारली. बरोबर उत्तर होतं 7.

संध्याकाळी फोनवर ती एवढंच म्हणाली, "आजी, राहू दे, मी आता क्लासच्या दादालाच विचारेन." रागावली असती तर बरं वाटलं असतं.

रात्री झोप येईना. ताळा जुळतो आणि उत्तर चुकतं, हे कसं होईल? मग लख्ख कळलं. मी जे समीकरण वाचलं होतं, त्याचंच ते उत्तर होतं, म्हणून ताळा जुळणारच. ताळा माझी आकडेमोड तपासत होता, माझं वाचन तपासत नव्हता. चूक पहिल्या ओळीत असेल, तर ताळा तिला कधीच पकडणार नाही.

सकाळी चष्मा पुसला, भिंग घेतलं आणि फोटो पुन्हा उघडला. आता फक्त रेघा पाहायच्या, आकडे नाहीत.

पडद्यावर एक पट्टी आडवी धरली. छापलेल्या गणितात वजाचं चिन्ह, अपूर्णांकाची रेघ आणि बरोबरच्या चिन्हाचा मध्य हे सगळे एकाच उंचीवर असतात. इथेही तसेच होते, फक्त पहिल्या `3` च्या पुढची रेघ पट्टीच्या जरा खाली येत होती. मग लांबी पाहिली. छापील वजा साधारण बरोबरच्या चिन्हाच्या एका रेघेएवढा लांब असतो, म्हणून बरोबरचं चिन्ह हीच मोजपट्टी समजायची. ही रेघ त्यापेक्षा आखूड होती आणि जाडही. आणि तिसरं म्हणजे जागा. दोन पदांमधल्या वजाच्या दोन्ही बाजूंना सारखी मोकळी जागा असते. ही रेघ मात्र `3` ला चिकटलेली होती आणि तिच्यापुढे मोठी मोकळी जागा होती.

म्हणजे तो वजा नव्हताच. ते संयोगचिन्ह होतं. "३-" म्हणजे तिसरा प्रश्न! समीकरण त्याच्या पुढे सुरू होत होतं:

```
(x-1)/2 - (x-4)/3 = 2
3(x-1) - 2(x-4) = 12
3x - 3 - 2x + 8 = 12
x = 7
```

इथे तिसऱ्या ओळीतल्या `+ 8` कडे लक्ष द्या. अपूर्णांकाची रेघ आपल्या अंशाला कंसासारखं बांधून ठेवते, म्हणून तिच्याआधीचा वजा आतल्या दोन्ही पदांना लागतो आणि वजा चाराचा अधिक होतो. म्हणूनच मधला वजा आणि रेघ वेगवेगळे ओळखणं इतकं महत्त्वाचं.

कॉमर्सवालीनं हे चुकावं याचं मला जास्त वाईट वाटलं. आम्ही खतावणीत रकमेच्या रकान्यात नुसती आडवी रेघ पाहिली की ती शून्याची, काही नाही या अर्थाची धरायचो. उणे रक्कम असेल तर ती कंसात लिहायची. "५००/-" मधल्या शेवटच्या रेघेला कोणी वजा म्हणत नाही. रेघ कुठे आहे त्यावर तिचा अर्थ ठरतो, हे मला चाळीस वर्षांपूर्वी ठाऊक होतं. घाईत विसरले.

मग मला मोजायची आधी का सुचली नाही? कारण नुसत्या नजरेला ती आखूड रेघ तेवढी आखूड वाटत नव्हती. फोटोतलं पूर्णविरामाचं टिंब पाहिलं, तर ते गोल नव्हतं, आडवं ताणलेलं होतं. म्हणजे फोटो काढताना हात आडवा हलला होता. टिंब जेवढं ताणलं गेलं, तेवढीच प्रत्येक आडवी रेघ लांबते. लांब रेघेत ते कळत नाही, आखूड संयोगचिन्ह मात्र वजासारखं दिसू लागतं, आणि तीन वेगळ्या रेघांमधल्या फटी बुजून एक रेघ होते. म्हणून आता मी आधी टिंब शोधते. टिंब उभं ताणलेलं असेल, तर हात वर-खाली हलला, आणि मग आडव्या रेघा फिकट होऊन नाहीशाही होऊ शकतात.

आडव्या हलण्याचा आणखी एक धोका आहे. अधिकच्या चिन्हाची बारीक उभी रेघ पुसट होते आणि तो वजा दिसतो. `x-4` चं खरं `x+4` तर नसेल? यासाठी शेजारी पाहायचं. `x-1` मधला `1` ही पण बारीक उभी रेघच आहे, आणि ती स्पष्ट दिसत होती. अधिकची उभी रेघ असती तर तिचाही माग दिसला असता. इथे उत्तर पूर्णांकात आलं म्हणून वाचन बरोबर, असं मात्र समजू नका. मी मुद्दाम `x+4` धरून करून पाहिलं, तर `x = 23` आलं, अगदी पूर्ण, आणि ताळाही जुळला! नीटनेटकं उत्तर हा फक्त इशारा आहे, पुरावा नाही.

उंची आणि लांबीची परीक्षाही नेहमी चालत नाही. कीबोर्डवर संयोगचिन्ह आणि वजा यांना एकच कळ असते. बाईंनी सगळं साध्या टंकलेखनानं केलं असेल, तर दोन्ही चिन्हं एकसारखी छापली जातात. नातीच्या कागदावर अपूर्णांक गणितासाठीच्या सोयीनं केलेले होते, म्हणून फरक उरला. हातानं लिहिलेल्या वहीत तर लांबी ज्याची त्याची. तिथे मोकळी जागा आणि शेजारची ओळ यांवरच भरवसा.

आणि शेजारची ओळ हीच सगळ्यात सोपी वाट होती. दिवाळीच्या सुट्टीत नात आली तेव्हा मी तिच्याकडून ती पत्रिका मागून घेतली. डाव्या कडेला एकाखाली एक "१-", "२-", "३-", "४-" असं सरळ रांगेत छापलेलं! पूर्ण पान पाहिलं असतं तर भिंग लागलंच नसतं. एक ओळ कापून पाठवली की हा पुरावा आपणच कापून टाकतो.

तिला मी सगळं दाखवलं, माझं `17/5` सुद्धा. ती पत्रिकेवर पट्टी धरून बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुझं गणित बरोबर होतं, फक्त ते माझं नव्हतं." अगदी तसंच, बाळा.

आता आमचं ठरलंय. तिनं पूर्ण पानाचा फोटो काढायचा, हात टेबलावर टेकवून, आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, म्हणजे बारीक रेघा दाबल्या जात नाहीत. मी लगेच सोडवायचं नाही. आधी समीकरण माझ्या हातानं कागदावर लिहायचं, प्रत्येक अंशाला कंस घालून, आणि विचारायचं, "हेच ना?" तिनं मूळ कागदाशी ताडून हो म्हटलं, की मग पेन उचलायचं.

परवा पहिला फोटो आला. पूर्ण पान होतं, सरळ, स्वच्छ. खाली तिनं लिहिलं होतं, "आजी, ५ हा प्रश्नाचा नंबर आहे हं."