कांकण, कसोटी आणि ताबोरचा प्रकाश

ज्याला दिसले त्याने न दिसलेल्याला काय सांगावे, आणि न दिसलेल्याने त्याचे म्हणणे कोठवर मानावे, हा प्रश्न गेले काही दिवस माझी पाठ सोडीत नाही. आणि तो मनात घोळू लागला की दरवेळी मी आपल्या संतमंडळींकडे न वळता, चौदाव्या शतकातील ग्रीक संन्याशांच्या एका वादाकडे वळतो, ज्याचा फैसला लागण्यापूर्वी एक साम्राज्य यादवीत होरपळून निघाले होते.

ग्रीस देशाच्या उत्तरेस समुद्रात शिरलेल्या एका चिंचोळ्या भूशिरावर आथोस नावाचा पर्वत आहे, आणि त्यावर हजाराहून अधिक वर्षे ख्रिस्ती संन्याशांचे मठ नांदत आहेत. तेथील एकांतवासी साधक ‘हेसिकास्त’ म्हणवीत. निश्चलता हेच त्यांचे व्रत. त्यांची रीत तेराव्या शतकात लिहिल्या गेलेल्या छोट्या ग्रंथांत सापडते: एखाद्या शांत खोलीच्या कोपऱ्यात दार लावून बसावे, हनुवटी छातीवर टेकवावी, दृष्टी पोटाच्या मध्यभागी, नाभीकडे लावावी, श्वास हळूहळू आवरून धरावा, आणि येशूच्या नामाची एकच लहानशी प्रार्थना करीत चित्ताला हृदयाच्या स्थानी उतरवावे. त्या ग्रंथांपैकी एकाने साधकाला कोणतेही मधाचे बोट लावलेले नाही. आरंभी आत केवळ काळोख आणि न फुटणारी घट्टता सापडेल, असे तो स्पष्ट बजावतो. रात्रंदिवस टिकून राहिले तरच पुढे आनंद लाभेल आणि चित्त स्वतःलाच प्रकाशमय पाहील. या प्रकाशाविषयी साधकांची श्रद्धा अशी होती की, ताबोर पर्वतावर रूपांतराच्या समयी येशूच्या मुखावरून जो झळकला आणि तीन शिष्यांनी जो पाहिला, तोच हा. निर्माण झालेला नव्हे, तर अनादि, अनिर्मित.

दक्षिण इटलीतील कालाब्रियाहून आलेला बार्लाम नावाचा एक विद्वान ग्रीक संन्यासी या मंडळींना भेटला आणि त्यांची रीत ऐकून संतापला. नाभीत आत्मा शोधणारे लोक, असे नाव त्याने त्यांना ठेवले. परंतु निव्वळ टवाळखोर म्हणून त्याला निकालात काढणे अन्यायाचे होईल, कारण त्याच्या संतापामागे एक गंभीर भूमिका होती. ईश्वर बुद्धीच्या पलीकडे आहे, म्हणून त्याच्याविषयी कोणतेही विधान निर्णायक प्रमाणाने सिद्ध करता येत नाही, असे तो रोमच्या धर्मपंडितांशी वाद घालताना मांडीत आला होता. अशा मनुष्यासमोर कोणी येऊन डोळ्यांनी ईश्वराचा प्रकाश पाहिल्याचे सांगावे, तर त्याने काय म्हणावे? जे दिसले ते निर्मित असले पाहिजे, नाहीतर ते ईश्वराचे स्वरूप ठरेल. आणि ते स्वरूप तर कोणालाच दिसत नाही. ताबोरचा प्रकाशही त्याच्या लेखी इंद्रियांना दिसलेले एक चिन्ह होते, आणि विचाराहून चिन्हाची योग्यता कमीच.

त्याला उत्तर दिले आथोसच्याच ग्रेगरी पालामास या संन्याशाने. 1338 पासूनच्या तीन-चार वर्षांत त्याने निश्चलतेच्या साधकांच्या समर्थनार्थ तीन-तीनांच्या तीन गटांत मिळून नऊ प्रबंध लिहिले. त्याचे सार एका भेदावर उभे आहे: ईश्वराचे स्वरूप सर्वथा अगम्य, परंतु त्याची शक्ती, त्याचे प्रवर्तन, हेही तितकेच ईश्वरच, आणि त्या प्रवर्तनात मनुष्य खरोखर सहभागी होऊ शकतो. डोळे तो प्रकाश पाहतात, पण ते स्वतःच्या बळावर पाहत नाहीत. आधी त्यांच्यातच पालट घडवला जातो. शिष्यांच्या बाबतीत, बदलले ते शिष्यांचे डोळे होते, प्रकाश आधीपासूनच तेथे होता. शरीर हे कारागृह नसून देवालय आहे, म्हणून हनुवटी टेकवून बसणाऱ्याची थट्टा करणारा शरीराचीच थट्टा करतो, असे त्याला वाटले.

येथपर्यंत आलो की मला नेहमी ‘हातच्या कांकणाला आरसा कशाला’ ही म्हण आठवते, आणि तिच्याबरोबर माझे आजोबा. ते कचेरीत शिरस्तेदार होते आणि निवृत्तीनंतर मुलुंडला राहत. कैफियती, जबान्या, पंचनामे यांत आयुष्य गेलेल्या त्या मनुष्याला ही म्हण मुळीच पसंत नव्हती. घरात कोणी वाद संपवण्यासाठी ती काढली की ते चष्मा पुसत म्हणत, ‘‘आरसा नको, कबूल. पण सोने आहे की मुलामा, ते हात दाखवून कळत नाही रे बाळा. त्याला सोनाराची कसोटी लागते.’’ मग गोष्ट तेथेच न थांबवता ते उभा तंटा सांगत: कांकण असल्याचे कोणीच नाकारत नाही, नाकारले जाते ते त्याचे मोल, साक्षीदार चारच असले तरी खरे असू शकतात आणि चाळीस असले तरी खोटे. त्यांना म्हणीच्या अर्ध्या भागाशीच झगडा होता. पण मला आता दुसरा अर्धा भाग सतावतो. म्हणीतले कांकण सर्वांना दिसते. ज्याचे कांकण केवळ त्यालाच दिसते त्याने काय करावे? सोनाराकडे गेला तरी सोनार रिकाम्या मनगटावर कसोटीचा दगड कोठे घासणार? आणि सोनार कोणी असलाच, तर त्याच्याही हाती तसेच कांकण असले पाहिजे. म्हणजे न दिसलेल्याने परीक्षा करायची नाही आणि दिसलेल्यांनीच एकमेकांची करायची, असे होते. आणि ते मान्य करताना मला फसवणुकीची भीती वाटते, अमान्य करताना कृतघ्नतेची.

साधकांकडे अशी कसोटी नव्हती असे मात्र नाही. आथोसवर साधनेचा उपदेश करणारा सिनाईचा ग्रेगरी यानेच बजावले होते की, आत वा बाहेर काही आकार, मूर्ती किंवा प्रकाश दिसला तर तो स्वीकारू नये. अनुभवी गुरूला विचारावे. ज्या मार्गाचे फळ प्रकाश, त्याच मार्गावर प्रकाश पाहताच थांबण्याची आज्ञा आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीला गेल्यावर हे मला अधिक उमगते. तेथल्या भिक्षूच्या लहान खोलीत एक दगडी ओटा कोरलेला असतो, बाहेर पाण्याची टाकी, आणि आत इतका अंधार की डोळे स्थिरावायला वेळ लागतो; एक मनुष्य पाठ टेकून बसेल किंवा निजेल, त्यापलीकडे जागा नाही. अशा अंधारात ध्यान करणाऱ्याला आतून उजेड दिसू लागणे मला अशक्य वाटत नाही. पाली परंपरेत बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात याची दखल आहे: विपश्यनेच्या साधकाला जे दहा दोष आडवे येतात, त्यांत पहिला ‘ओभास’, म्हणजे प्रकाशच. साधकाला वाटते की हाच मार्ग. शास्त्र म्हणते की हा मार्ग नव्हे, पुढे चल. सिनाईच्या ग्रेगरीला बुद्धघोष ठाऊकही नव्हता, तरी दोघेही त्या क्षणाबाबत सावध आहेत. फरक इतकाच की, ग्रेगरीच्या मार्गात त्या खोट्या प्रकाशापलीकडे खरा प्रकाश भेटतो.

आणि मग आपल्या भूमीवर येतो. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली नेवाशास सिद्ध झाली. आथोसच्या या साधनेचे ग्रंथ लिहिले गेले त्याच शतकाच्या अखेरीस. सहाव्या अध्यायात ज्ञानेश्वरांनी योगाभ्यासाचे जे वर्णन केले आहे, त्यात हनुवटी कंठाच्या खळग्यात बसवून छातीशी दाबणे आहे आणि पोट नाभीपाशी आत ओढून घेणेही आहे. तिकडच्या त्या आसनाची खूण इकडे ओळखीची वाटते. परंतु येथे कोणी बार्लाम उभा राहून या वर्णनाची राजदरबारात फिर्याद केली नाही. आणि अकराव्या अध्यायात तर अर्जुनाला विश्वरूप पाहण्यासाठी आधी दिव्य चक्षू द्यावे लागतात. डोळे बदलल्याशिवाय तो प्रकाश दिसत नाही, ही पालामासची भूमिकाच. माऊलींची संजीवन समाधी 1296 सालची, आणि पालामासचा जन्म सुमारे त्याच वर्षीचा. हा केवळ कालाचा योगायोग आहे, त्याचा काही अर्थ मी लावत नाही. तरी तो विसरताही येत नाही.

1341 च्या जून महिन्यात हागिया सोफियात सम्राट तिसरा आंद्रोनिकोस याच्या अध्यक्षतेखाली धर्मसभा भरली. बार्लामला माघार घ्यावी लागली आणि तो इटलीला परतला. पाच दिवसांनी सम्राट वारला. वारस अल्पवयीन, राजमाता आन्ना आणि धर्माध्यक्ष एका बाजूस, सेनापती कांताकुझेनोस दुसऱ्या बाजूस, आणि यादवी 1347 पर्यंत चालली. राजकीय हिशेबात पालामास सेनापतीच्या पक्षाचा गणला गेला, म्हणून त्याला कैद आणि 1344 मध्ये बहिष्कार भोगावा लागला. सेनापतीची सरशी झाल्यावर तोच थेस्सलोनिकीचा धर्माध्यक्ष झाला. 1351 च्या ब्लाखेर्ने येथील सभेने त्याचा सिद्धांत कायमचा मान्य केला आणि त्याचा विरोधक, आता सम्राट झालेल्या कांताकुझेनोसचा जुना स्नेही ग्रेगोरास, याच्यावर नजरकैद आली. या निर्णयाने काय सिद्ध झाले? जो प्रकाश डोळे बदलल्याखेरीज दिसत नाही, त्याचा निवाडा ज्यांचे डोळे बदलले होते त्यांनी केला की ज्यांची फौज जिंकली त्यांनी? दोन्ही उत्तरे मला एकाच वेळी खरी वाटतात. न दिसलेल्यांनी निर्णय द्यायला नको होता असे म्हणावे, तर संन्यासी आपापल्या खोलीत प्रकाशाचे मालक झाले असते आणि बाकीच्या मंडळींना केवळ मान डोलवायची राहिली असती. सभेने द्यायला हवा होता म्हणावे, तर सभा म्हणजे सत्ता, आणि सत्तेपुढे कोणते दर्शन निर्दोष राहते?

आजोबा असते तर म्हणाले असते की कसोटी ज्याच्या हाती असेल त्याचा नोंदवहीत दाखला हवा. मला तो दाखला एकाच ठिकाणी सापडला, आणि तो माझ्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. 1368 साली कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेने पालामासला संतपद दिले. आणि त्याच सभेने प्रोखोरोस किदोनेस या विरोधकाला धर्मबहिष्कृत केले. हा प्रोखोरोस कालाब्रियाहून आलेला परका नव्हता, तो आथोसवरच्या थोर लाव्रा मठाचाच संन्यासी होता.